उघड्या स्टीम लाइनवरून वाऱ्याने किती उष्णता जाते: माझं पहिलं गणित आणि ड्रमखालचा काटा

केमिकल किंवा मेकॅनिकल करून नुकतेच प्लांटला लागलेल्यांसाठी हे लिहितोय. हीट ट्रान्सफरमधला सिलिंडर इन क्रॉस फ्लो हा चॅप्टर आपण परीक्षेला सोडवलेला असतो, पण प्रत्यक्ष पाइपसमोर उभं राहिल्यावर आकडे कुठून आणायचे हेच कळत नाही, माझंही तेच झालं होतं.

मी ट्रेनी असताना कोकणातल्या एका केमिकल प्लांटमध्ये होतो. पाइप रॅकच्या टोकाला ४ इंची स्टीम लाइनचं लॅगिंग कामासाठी काढलं होतं ते परत चढवलंच नव्हतं, सुमारे ४० मीटर पाइप उघडा, आणि दुपारी समुद्राकडून येणारा वारा बरोबर आडवा त्याच्यावर. लाइनचं प्रेशर गेजवर ४ बार, म्हणजे आत साधारण १५२ डिग्री. सिनियर सरांनी सांगितलं, यातून तासाला किती स्टीम फुकट जातेय ते काढून दे, मग लॅगिंगचा खर्च मागता येईल.

मी चर्चिल-बर्नस्टाईनचं समीकरण घेतलं. हे १९७७ चं. त्याआधी हिल्पर्टचं १९३३ चं टेबल असायचं, त्यात रेनॉल्ड्स नंबर कुठल्या पट्ट्यात पडतो बघून दोन कॉन्स्टंट उचलायचे. चर्चिल-बर्नस्टाईनमध्ये पट्टे शोधायची भानगड नाही, रेनॉल्ड्स गुणिले प्रांटल ०.२ च्या वर असलं की एकच सूत्र हवेलाही चालतं, पाण्यालाही चालतं:

```
Nu = 0.3 + A * B
A = 0.62 Re^(1/2) Pr^(1/3) / [1 + (0.4/Pr)^(2/3)]^(1/4)
B = [1 + (Re/282000)^(5/8)]^(4/5)
Re = V D / ν      h = Nu k / D
```

यातला A म्हणजे मुख्यतः पाइपच्या वाऱ्याकडच्या बाजूला चिकटून वाहणारा पातळ थर, त्याची उष्णता वेगाच्या वर्गमुळाने वाढते. पाइपच्या मागे प्रवाह सुटून भोवरे होतात, वारा वाढला की तिथली उष्णता वर्गमुळापेक्षा जोरात वाढते, ती वाढ B मध्ये येते. आणि जे h मिळतं ते पूर्ण गोलाईचं सरासरी असतं, पाइपच्या अमुक बाजूला किती हे हे सूत्र सांगत नाही.

आता आकडे. हवा ३० डिग्री, पाइपचा पृष्ठभाग कॉन्टॅक्ट थर्मोकपलने १५० च्या आसपास आला (आतून वाफ कंडेन्स होतेय आणि स्टील चांगलं कंडक्टर, त्यामुळे बाहेरचं तापमान आतल्याच्या जवळच असतं). इथे हवेचे गुणधर्म फिल्म टेंपरेचरला घ्यायचे, म्हणजे दोन्हींच्या मध्यावर, ९० डिग्रीला: k ०.०३०२, ν २.२० × १०⁻⁵, प्रांटल ०.७१३. व्यास घेताना मी पहिल्यांदा १०० मिलिमीटर धरला होता, ४ इंची म्हणून. वारा पाइपच्या बाहेरून जातो, तेव्हा आउटसाइड डायमीटर लागतो आणि ४ इंच एनबी पाइपचा तो ११४.३ मिलिमीटर असतो. वाऱ्याचा वेग मी आधी हवामान खात्याच्या आकड्यावरून घेणार होतो, पण तो आकडा मोकळ्या जागी १० मीटर उंचीवरचा आणि बहुतेक वेळा किलोमीटर प्रतितासात दिलेला असतो. आमच्या युटिलिटीच्या फोरमन काकांनी विचारलं, "अरे, तिकडे कुठे बघतोस, वारा पाइपवर किती आहे ते मोज ना," आणि सेफ्टीकडून अॅनिमोमीटर आणून दिला. पाइपच्या उंचीवर, पण पाइपपासून हातभर लांब, वाऱ्याच्या बाजूला धरून दहा मिनिटांची सरासरी ४ मीटर प्रतिसेकंद आली. पाइपच्या मागे धरला असता तर भोवऱ्यातला भलताच आकडा आला असता.

रेनॉल्ड्स आला साधारण २०,८००. A आला ७०.१, B आला १.१५४, नुसेल्ट नंबर ८१.२. मग h म्हणजे ८१.२ गुणिले ०.०३०२ भागिले ०.११४३, बरोबर २१.५ वॅट प्रति चौरस मीटर डिग्री. एक मीटर पाइपचा पृष्ठभाग ०.३५९ चौरस मीटर, तापमानातला फरक १२०, म्हणून मीटरमागे ९२५ वॅट. ताळा म्हणून हिल्पर्टच्या टेबलने पण केलं, नुसेल्ट ८० आला. इथे दोन्ही एवढे जुळले म्हणून हुरळून जायचं नाही, अशा कोरिलेशनमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे धरूनच चालायचं.

गुणधर्मांच्या बाबतीत एक गोष्ट मी नंतर मुद्दाम करून बघितली आणि प्रत्येक नवीन माणसाने करून बघावी असं मला वाटतं. सगळे गुणधर्म चुकून ३० डिग्रीचे घेतले तर h येतो २२.३, म्हणजे जेमतेम चार टक्के फरक, कारण गार हवेत रेनॉल्ड्स वाढतो पण k कमी होतो, दोन चुका एकमेकींना बऱ्याच खाऊन टाकतात. पण ν आणि प्रांटल ३० डिग्रीचे आणि k ९० डिग्रीचा, अशी सरमिसळ झाली तर h थेट २६ होतो, वीस टक्के जास्त! एक्सेलमध्ये एक सेल जुन्या फाइलमधून कॉपी झाला की हेच होतं, आणि उत्तर दिसायला अगदी शहाण्यासारखं दिसतं म्हणून पकडताही येत नाही. म्हणून मी आता शीटमध्ये गुणधर्मांच्या शेजारी कुठल्या तापमानाचे ते लिहूनच ठेवतो.

तर ९२५ वॅट गुणिले ४० मीटर, ३७ किलोवॅट. या प्रेशरला वाफेची सुप्त उष्णता किलोला २१०८ किलोज्यूल, म्हणजे तासाला ६३ किलो स्टीम. मी रिपोर्ट लिहायला बसलो. काका म्हणाले, कागद राहू दे, शेवटच्या ट्रॅपला मोजून बघ.

मोजायची पद्धत साधी आहे पण एका गोष्टीची काळजी घ्यावी लागते. ट्रॅपमधून आलेलं पाणी उघड्या बादलीत घेतलं तर त्यातलं दहाएक टक्के फ्लॅश होऊन वाफ म्हणून उडून जातं आणि वजन कमी दिसतं. म्हणून २०० लिटरच्या ड्रममध्ये आधी ५० लिटर गार पाणी घ्यायचं, ड्रम वजनकाट्यावर ठेवायचा, ट्रॅपची होज पाण्यात बुडवायची आणि वजन किती वाढलं ते बघायचं. होज आधी बांधून घ्यायची, ग्लोव्ह्ज आणि फेसशील्ड घालूनच व्हॉल्व्ह हळू उघडायचा, ते पाणी दीडशे डिग्रीच्या जवळचं असतं. आम्ही दुपारी, वारा तसाच असताना घेतलं. दहा मिनिटांत काट्यावर १४ किलो वाढले. म्हणजे तासाला ८४, आणि माझ्या कागदावर ६३.

मला वाटलं कोरिलेशन चुकलं. वीस टक्के धरले तरी ६३ चे ७६ होतात, ८४ नाही. सरांनी शीट बघितली आणि एवढंच विचारलं, रेडिएशन कुठेय? मी घेतलंच नव्हतं. चर्चिल-बर्नस्टाईन फक्त हवेने नेलेली उष्णता देतं, पाइप आजूबाजूला जे रेडिएट करतो त्याचा त्यात काहीही संबंध नाही. गंजलेल्या स्टीलची एमिसिव्हिटी ०.८ धरून, ४२३ आणि ३०३ केल्विनने केलं तर मीटरमागे ३८४ वॅट आले. एकूण झाले १३०९, चाळीस मीटरचे ५२ किलोवॅट, तासाला ९० किलोच्या आतबाहेर. ८४ मोजलेले, ९० काढलेले. वारा दर मिनिटाला बदलतोय आणि पाठून येणारी वाफही पूर्ण कोरडी नसते, ती सोबत थोडं पाणी आणते, हे धरलं तर याहून जवळ जायची अपेक्षाही ठेवू नये.

वारा पडल्यावर काय, तेही याच पाइपवर कळतं. हवा स्थिर असेल तर नॅचरल कन्व्हेक्शनचा h साधारण ६.८ येतो. ४ मीटरच्या वाऱ्यात ग्रॅशॉफ भागिले रेनॉल्ड्सचा वर्ग हे गुणोत्तर ०.०२ आहे, म्हणजे गरम हवेचं आपोआप वर जाणं विसरलं तरी चालतं. पण वारा ०.५ मीटर झाला की तेच गुणोत्तर १.५ च्या आसपास जातं, तिथे नुसतं क्रॉस फ्लोचं सूत्र लावलं की उत्तर कमी येतं. आणि वारा पाइपच्या लांबीने वाहत असेल तर तो क्रॉस फ्लोच नाही, रॅकवर शेजारी शेजारी पाच पाइप असतील तर मागच्यांना पुढच्याची सावली मिळते, तिथेही एकट्या सिलिंडरचं सूत्र जसंच्या तसं लावू नये.

गोळ्यासाठी व्हिटाकरचं १९७२ चं सूत्र वापरतात आणि नवीन लोक इथे हमखास गुणधर्मांत घसरतात, कारण त्यात फिल्म टेंपरेचर नाही, गुणधर्म वाहत्या हवेच्या तापमानाला घ्यायचे, फक्त μs तेवढा पृष्ठभागाच्या:

```
Nu = 2 + (0.4 Re^(1/2) + 0.06 Re^(2/3)) Pr^0.4 (μ/μs)^(1/4)
```

त्यातला २ लक्षात ठेवण्यासारखा आहे. हवा अजिबात हलत नसली आणि नुसतं कंडक्शनच असलं तरी गोळ्याभोवती सगळीकडे पसरत जाणारी जागा असते, गणित केलं की h बरोबर 2k/D येतो, म्हणून तो २ खरा आहे. अनंत लांब सिलिंडरला मात्र अशी स्थिर पातळीच मिळत नाही, तिथला ०.३ हा डेटावर बसवलेला आकडा आहे, त्याला असा अर्थ जोडायला जाऊ नका. व्हिटाकरची वरची मर्यादा रेनॉल्ड्स ७६,००० ची. १५ मीटर व्यासाची एलपीजीची गोल टाकी ३ मीटरच्या वाऱ्यात २८ लाखांवर जाते, तिथे हे सूत्र भरून उत्तर आलं तरी ते टाकीचं नाही.

लॅगिंगचा खर्च मंजूर झाला. ५० मिलिमीटर रॉकवूल आणि वर अॅल्युमिनियमचं क्लॅडिंग. आता मीटरमागे ५० वॅटच्या आसपास जातात, कारण जवळजवळ सगळा अडथळा वूलचाच असतो आणि बाहेरचा h निम्मा किंवा दुप्पट केला तरी उत्तर पाचेक टक्क्यांपलीकडे हलत नाही. काकांनी तोच ड्रम, तोच काटा परत लावला. दहा मिनिटांत वजन जेमतेम एक किलो वाढलं, आणि वारा त्या दुपारीही तसाच होता.