नोकरी गेली, ओळखीच्यांना काय लिहाल?

मार्चमध्ये आमची अख्खी टीम बंद झाली. त्याच रात्री मी लिंक्डइनवर लांबलचक लिहिलं: सहा वर्षांचा प्रवास, सगळ्यांचे आभार, 'आयटीत काही असेल तर कळवा'. लाईक भरपूर आले, 'होईल सगळं नीट'ही आलं. पण कामाचा फोन एकही नाही. चार दिवसांनी एका जुन्या सहकाऱ्याने विचारलं, "अरे, तू हल्ली नक्की करतोस काय? टेस्टिंग की सपोर्ट?" दोन वर्षं शेजारच्या खुर्चीत बसलेला माणूस! त्यालाच माहीत नसेल, तर तो माझं नाव कुणाला सुचवणार?

मग नव्याने लिहिलं आणि पस्तीस जणांना एकेकट्याला व्हॉट्सअ‍ॅप केलं (वरिष्ठांना अर्थातच 'तुम्ही'):

"कंपनीने आमची टीम बंद केली, त्यात माझी नोकरी गेली. 28 मार्च शेवटचा दिवस. मी पेमेंट अ‍ॅपचं एपीआय टेस्टिंग करतो, सहा वर्षं झाली. पोस्टमन आणि एसक्यूएल रोजच्या वापरात, सेलेनियम जेमतेम. एकच रिफंड दोनदा जमा होत होता, तो बग रिलीजच्या आधी मी पकडला होता. पुण्यात किंवा घरून काम चालेल, लगेच रुजू होईन. तुझ्याकडे क्यूएची जागा निघाली असेल तर जॉब आयडी पाठवशील? नसेल तर पेमेंटचं काम कोणती टीम बघते, एवढं सांगितलंस तरी पुरे."

'सेलेनियम जेमतेम' काढून टाक, असं बायको म्हणाली. मी ठेवलं. नाहीतर ऑटोमेशनच्या इंटरव्ह्यूला बोलावतात, दहा मिनिटांत उघडे पडतो आणि ज्याने रेफर केलं त्याचीही पंचाईत होते.

रेझ्युमे मुद्दामच जोडला नाही. जॉब आयडी हातात आला की जाहिरात वाचून रेझ्युमेत त्या कामाचं वर घेता येतं, आणि मित्रालाही रेफरल नेमक्या जागेवर टाकता येतं.

इथे मी एक घोळ घातला. एका कन्सल्टन्सीने 'एका कंपनीला तुमचा रेझ्युमे पाठवू का?' असं विचारलं, मी घाईत 'हो, पाठवा' म्हटलं. आठवड्याने मित्र त्याच कंपनीत रेफर करायला गेला, तर पोर्टल म्हणालं, उमेदवार आधीच नोंदलेला आहे. बऱ्याच कंपन्यांत ज्याने आधी नोंदवलं त्याचंच नाव काही महिने धरतात. स्वतः साइटवर अर्ज केलात तरी कधीकधी हेच होतं. म्हणून आधी ओळखीच्याला विचारा, मगच अर्ज करा. कन्सल्टन्सीवाल्याकडून कंपनीचं नाव कळल्याशिवाय होकार देऊ नका. त्यानंतर मी एक्सेलमध्ये कंपनी, जॉब आयडी, कुणी टाकलं आणि तारीख असे चार रकाने ठेवले.

उत्तर न आलेल्यांना दहा दिवसांनी एकदाच लिहिलं. 'काही झालं का?' असं नाही, तर त्यांच्याच कंपनीच्या साइटवर शोधलेला जॉब आयडी पाठवून: "ही जागा दिसली. मी अजून अर्ज केलेला नाही. तू रेफर करशील का?"