ओटीपी घेतला, फोटोही काढला, तरी पार्सल पोहोचले नाही : डिलिव्हरीच्या पुराव्यातील या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात आमच्या डिचोलीच्या कुरियर केंद्रावर एक तक्रार आली होती. पणजीला नोकरी करणाऱ्या एका बाईंनी सत्तरी तालुक्यातील गावी राहणाऱ्या आईसाठी मिक्सरचे भांडे मागवले होते. आमच्या नोंदीत पार्सल 11 वाजून 22 मिनिटांनी पोहोचले होते आणि ओटीपी बरोबर होता. आईच्या हातात मात्र काहीच आले नव्हते. ओटीपी दिला म्हणजे पार्सल मिळाले, असे उत्तर देऊन आम्ही पहिल्या दिवशी ती तक्रार बंद केली आणि ही चूक आमचीच होती.

बाईंनी पुन्हा फोन केला तेव्हा मी नोंद उघडून ओळीने वाचली. ओटीपीची वेळ 11:22 होती, फोटोची वेळ 12:40 होती. ओटीपी टाकल्यावर सव्वा तासाहून अधिक काळाने फोटो निघतो, याचा अर्थ त्या दोन गोष्टी एका दारात घडलेल्या नाहीत. रायडरला विचारले तेव्हा त्याने सरळ सांगितले. वर गावात नेटवर्क मिळत नाही म्हणून त्याने वाळपईच्या बाजारातूनच फोन करून ओटीपी मागून घेतला होता, आणि पुढे पाऊस वाढल्यामुळे पार्सल वाड्याच्या तोंडावरच्या दुकानात ठेवून तो परतला होता. पार्सल तिसऱ्या दिवशी त्याच दुकानात सापडले.

ओटीपीने फक्त एवढेच सिद्ध होते की ज्या मोबाइलवर तो मेसेज गेला, तो मोबाइल जवळ असलेल्या व्यक्तीने आकडे सांगितले. पार्सल कुठे आहे, हे त्यातून कळत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी दारात पोहोचावे, पार्सल घेणाऱ्याच्या हातात द्यावे आणि त्यानंतरच ओटीपी मागावा. मोबाइल दुसऱ्या गावी असलेल्या मुलीकडे असेल, तर दारात उभे राहून तिला फोन लावावा आणि आईला तिच्याशी बोलू द्यावे: "हो गं, आलं, हातात आहे माझ्या." हे वाक्य ऐकल्यावर मुलीने ओटीपी सांगितला, तरच त्या ओटीपीला पुराव्याची किंमत येते. ग्राहकांनीही पार्सल समोर दिसल्याशिवाय किंवा घरच्या माणसाने हातात आल्याचे सांगितल्याशिवाय आकडे देऊ नयेत, आणि त्याआधी मेसेज पूर्ण वाचावा. त्यात आपल्या ऑर्डरचा उल्लेख आहे की खात्यातून पैसे जाण्याचा, हे तिथेच स्पष्ट होते. पैशाचा उल्लेख असेल, तर समोर कोणीही उभा असला तरी तो आकडा सांगू नये.

रायडरची अडचण मात्र खरी होती. सत्तरीच्या डोंगराळ भागात आणि कुळागरांच्या आत अनेक ठिकाणी नेटवर्क जाते. यावरचा उपाय आधीच फोन करून ओटीपी गोळा करणे हा नव्हे. काही अॅप सकाळी यादी उतरवून घेतानाच ओटीपी पडताळण्याची माहिती फोनमध्ये घेऊन ठेवतात, त्यामुळे नेटवर्क नसतानाही चुकीचा आकडा तिथल्या तिथे नाकारला जातो. इतर अॅप आकडा नुसता लिहून घेतात आणि पडताळणी नंतर करतात. अशा अॅपमध्ये आकडा चुकला होता हे संध्याकाळी केंद्रावर परतल्यावर समजते. आपले अॅप कोणत्या प्रकारचे आहे, हे ओळखण्यासाठी केंद्रावरच एका चाचणी नोंदीवर फोन एअरप्लेन मोडवर टाकून मुद्दाम चुकीचा आकडा भरून पाहावा. अॅपने तो स्वीकारला, तर बिननेटवर्कच्या गावात केवळ ओटीपीवर विसंबू नये, फोटो काढावाच. ग्राहकालाच त्या गावात मेसेज मिळत नसेल, तर अॅपमध्ये तसे कारण नोंदवून फोटो आणि घेणाऱ्याची सही घ्यावी.

आता त्या फोटोविषयी. दुकानाच्या लाल सिमेंटच्या पायरीवर पार्सल पालथे ठेवलेले होते. लेबल खाली गेले होते आणि मागे फक्त भिंत दिसत होती. असा फोटो गोव्यातल्या कुठल्याही वाड्यावरचा असू शकतो. फोटोत लेबल वाचता आले पाहिजे आणि घरही ओळखता आले पाहिजे, हे एका फोटोत सहसा जमत नाही. म्हणून दोन फोटो काढावेत. एक लेबलचा जवळून, दुसरा तीन-चार पावले मागे सरून, ज्यात पार्सलसह दरवाजा, घर क्रमांक किंवा अंगणातले तुळशीवृंदावन येईल. अॅप एकच फोटो घेत असेल, तर लेबल कॅमेऱ्याकडे करून मागच्या पावलांवरूनच काढावा. घेणाऱ्याचा चेहरा किंवा घराचा आतला भाग फोटोत आणण्याची काहीच गरज नाही. पावसात फोन प्लॅस्टिकच्या पिशवीतच ठेवून काढलेला फोटो धुरकट येतो आणि लेबल वाचता येत नाही. फोन आडोशाला बाहेर काढून लेन्स कोरड्या कापडाने पुसण्यास दहा सेकंद लागतात.

त्याच फोटोवर स्थळ वाळपई बाजाराचे नोंदले गेले होते. मोकळ्या आकाशाखाली फोनला आपली जागा काही मीटरपर्यंत अचूक सापडते, परंतु दाट झाडीत किंवा छपराखाली ती लवकर सापडत नाही. काही अॅप अशा वेळी शेवटची माहीत असलेली जागाच चिकटवतात. अंगणात उभे राहून नकाशावरचा निळा गोल लहान होईपर्यंत थांबावे आणि मगच बटण दाबावे. आणखी एक कारण आहे, जे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. अँड्रॉइड 12 पासून परवानगी देताना `Precise` आणि `Approximate` असे दोन पर्याय येतात. घाईत दुसरा निवडला गेला, तर अॅपला फक्त सुमारे तीन चौरस किलोमीटरच्या पट्ट्यातली जागा कळते. एखाद्या रायडरच्या सगळ्याच फोटोंची स्थळे घरापासून लांब दिसत असतील, तर त्याच्यावर संशय घेण्याआधी ही परवानगी तपासावी. फोनची वेळही `Automatic date and time` वर असावी, नाहीतर 11:22 आणि 12:40 यांची तुलनाच करता येत नाही.

सर्वांत वाईट नुकसान संध्याकाळी होते. नेटवर्क नसताना काढलेले फोटो फोनमध्येच पडून असतात आणि त्यांच्यापुढे `Pending` किंवा ढगाचे चिन्ह दिसते. फोन मंद झाला म्हणून कोणी `Clear storage` दाबतो, कोणी अॅप काढून पुन्हा टाकतो, आणि दिवसभराचा पुरावा पुसला जातो. `Clear cache` मुळेही काही अॅपमधले न गेलेले फोटो जातात. बॅटरी वाचवण्याची सोय चालू असेल, तर फोन खिशात असताना अपलोड थांबून राहते. म्हणून नेटवर्कच्या जागी आल्यावर अॅप समोर उघडे ठेवावे आणि बाकीचा आकडा शून्यावर आल्यावरच लॉगआउट करावे. भीतीपोटी काही जण तेच फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवतात, पण तिथे साधा फोटो म्हणून पाठवल्यास त्यातली जागेची आणि वेळेची मूळ माहिती गळून जाते; डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास ती टिकते.

ओटीपी बरोबर असूनही अॅप नाकारत असेल, तर एकाच घराची दोन पार्सले आहेत का, ते पाहावे, कारण प्रत्येकाचा आकडा वेगळा असतो आणि परत न्यायच्या वस्तूचा त्याहूनही वेगळा. पुन्हा पाठवा हे बटण दाबले असेल, तर बहुधा जुना आकडा रद्द होतो, त्यामुळे सर्वांत शेवटी आलेला मेसेजच वाचायला सांगावा.

नोंद चुकीची झाल्याचे वाटेतच लक्षात आले, तर त्याच क्षणी केंद्राला फोन करून सांगावे. त्या रायडरने दुकानातून निघताना तसे केले असते, तर आम्ही बाईंना दुपारीच कळवू शकलो असतो. आता आमच्या केंद्रावर रोज संध्याकाळी ओटीपी आणि फोटो यांच्या वेळांमधला फरक पाहिला जातो आणि दहा मिनिटांहून अधिक अंतर असलेल्या प्रत्येक नोंदीच्या ग्राहकाला आम्ही स्वतः फोन करतो.