रिग्रेशनचे बहुपर्यायी प्रश्न: दोन रेषांच्या घोळात गुण घालवू नका

बहुपर्यायी प्रश्नातले चुकीचे पर्याय कुणी उगाच लिहीत नाही. विद्यार्थी नेमका कुठे घसरतो हे प्रश्न काढणाऱ्याला ठाऊक असतं, आणि त्या घसरणीतून येणारं उत्तर तो पर्यायांत ठेवून देतो. त्यामुळे आपलं उत्तर पर्यायांत सापडलं, एवढ्यावरून ते बरोबर ठरत नाही. रिग्रेशनमध्ये अशी सगळ्यात निसरडी जागा म्हणजे दोन रेषा. y चा अंदाज x वरून काढायची रेषा वेगळी आणि x चा अंदाज y वरून काढायची वेगळी, हे पाठ सगळ्यांना असतं. गणित करताना मात्र विसरतं.

एकच छोटी माहिती घेऊ. पाच विद्यार्थ्यांचे अभ्यासाचे तास x = 1, 2, 3, 4, 5 आणि पाचपैकी मिळालेले गुण y = 2, 4, 5, 4, 5. सरासरी अनुक्रमे 3 आणि 4. प्रत्येक आकड्यातून त्याची सरासरी वजा करून बेरजा केल्या की x च्या विचलनांच्या वर्गांची बेरीज 10, y ची 6 आणि दोघांच्या गुणाकारांची बेरीजही 6 येते.

प्रश्न 1. या माहितीत y ची x वरील रेषा y = 2.2 + 0.6x आहे. ज्याला 5 गुण मिळाले त्याच्या अभ्यासाच्या तासांचा रिग्रेशनने अंदाज किती?
(अ) 4.67 (ब) 4 (क) 5.2 (ड) 3

बहुतेकांचा हात (अ) कडे जातो. समीकरण समोर आहे, y = 5 ठेवलं, x = (5 − 2.2) / 0.6 = 4.67, झालं. हीच ती चूक. दिलेली रेषा गुणांमधली चूक, म्हणजे उभं अंतर, कमीत कमी ठेवून काढलेली आहे. आपल्याला अंदाज हवाय तासांचा, म्हणजे आडवं अंतर कमीत कमी ठेवणारी दुसरी रेषा लागणार. तिचा गुणांक bxy = 6 / 6 = 1, आणि ती (3, 4) मधून जाते, म्हणून x = y − 1. y = 5 ठेवलं की x = 4. उत्तर (ब).

पटत नसेल तर मूळ आकड्यांकडेच पाहा. 5 गुण मिळवणारे दोघे आहेत, त्यांचे तास 3 आणि 5, सरासरी 4. उलटवलेल्या समीकरणाने y = 2 साठी किती तास येतात तेही करून पाहा: −0.33. उणे तास अभ्यास! खरी रेषा तिथे 1 देते, आणि 2 गुणवाल्याने अभ्यास एकच तास केला होता. (आकडे मुद्दाम असे निवडलेत की रेषा या सरासऱ्यांवर चपखल बसते. दरवेळी इतकं छान जुळणार नाही.)

बाकीचे पर्यायही वाचा. (क) 5.2 म्हणजे घाईत 5 हा आकडा x च्या जागी ठेवला. (ड) 3 म्हणजे नुसती x ची सरासरी. समीकरण उलटवून चालतं ते फक्त r = 1 किंवा r = −1 असताना, कारण तेव्हा दोन्ही रेषा एकच होतात.

प्रश्न 2. दोन रिग्रेशन रेषा 2x + 5y = 37 आणि 10x + 9y = 105 अशा आहेत. सहसंबंध गुणांक r किती?
(अ) 0.6 (ब) −0.6 (क) 0.36 (ड) −1.67

इथे कोणती रेषा कुठली हे सांगितलेलंच नाही. पहिली लिहिलेली ती y ची x वरील, असं गृहीत धरून पुढे जाणारे खूप. इथे ते योगायोगाने जुळतं, पण पेपरात क्रम बदलला की फसगत होते. म्हणून आधी गृहीत धरा, मग तपासा.

पहिली रेषा y ची x वरील मानू: y = 7.4 − 0.4x, म्हणून byx = −0.4. दुसरी x ची y वरील: x = 10.5 − 0.9y, म्हणून bxy = −0.9. गुणाकार 0.36. तो 1 पेक्षा जास्त नाही, म्हणजे गृहीतक टिकलं. उलट धरलं असतं तर byx = −10/9 आणि bxy = −5/2, गुणाकार 2.78. हा गुणाकार म्हणजे r चा वर्ग, तो 1 च्या वर जाऊच शकत नाही. एका मांडणीचा गुणाकार दुसरीच्या गुणाकाराचा व्यस्त असतो, त्यामुळे रेषा खरोखर दोन वेगळ्या असतील तर एकच मांडणी टिकते.

आता वर्गमूळ घ्यायचं: 0.6. आणि इथेच दुसरा खड्डा. वर्गमूळ काढताना चिन्ह हरवतं. दोन्ही गुणांक ऋण आहेत, म्हणून r सुद्धा ऋण. उत्तर (ब) −0.6. (क) वाल्याने वर्गमूळच घेतलं नाही. (ड) वाल्याने चिन्ह जपलं, पण रेषांची अदलाबदल करून −√2.78 काढलं. r = −1.67 दिसल्यावर तरी पेन थांबायला हवं होतं.

याच समीकरणांवर सरासरीही विचारतात. दोन्ही रेषा सरासरीच्या बिंदूत छेदतात, म्हणून समीकरणं एकत्र सोडवा: x ची सरासरी 6, y ची 5. यासाठी कोणती रेषा कुठली हे ओळखायची गरजच नाही. तरी काही जण त्यातच वेळ घालवतात.

ताळ्याची एक सोय सांगून ठेवतो. byx आणि bxy यांचा अंश एकच असतो आणि छेद नेहमी धन, म्हणून दोघांची चिन्हं वेगळी येऊच शकत नाहीत. एक धन, एक ऋण आला तर तिथेच मागे फिरा. मात्र दोघांपैकी एक गुणांक 1 पेक्षा मोठा आला तर घाबरू नका, ते चालतं. दोन्ही 1 पेक्षा मोठे चालत नाहीत.

प्रश्न 3. पहिल्या माहितीत R² = 0.6 आहे. याचा अर्थ काय?
(अ) 60 टक्के अंदाज बरोबर आले (ब) गुणांतल्या एकूण चढउतारापैकी 60 टक्के चढउतार रेषेने स्पष्ट होतो (क) x एकने वाढला की y 0.6 ने वाढतो (ड) r = 0.6

(क) फार बेरकी आहे. इथे उतारही 0.6 आणि R² ही 0.6, त्यामुळे वाक्य खरंच आहे, पण ते उताराबद्दलचं आहे. r तर √0.6, म्हणजे साधारण 0.77. (अ) साठी रेषेचे अंदाज मांडून पाहा: 2.8, 3.4, 4, 4.6, 5.2. पाचपैकी एकही तंतोतंत बरोबर नाही. खऱ्या गुणांतून हे वजा करा: −0.8, 0.6, 1, −0.6, −0.2. बेरीज शून्य, वर्गांची बेरीज 2.4. गुणांचा एकूण चढउतार होता 6, त्यातला 2.4 रेषेला सांगता आला नाही, 3.6 आला. 3.6 / 6 = 0.6. उत्तर (ब).

प्रश्न 4. तासांऐवजी मिनिटं घेतली तर काय बदलतं?
(अ) फक्त r (ब) r आणि byx दोन्ही (क) byx, पण r नाही (ड) काहीच नाही

x साठपट झाला, म्हणून byx = 0.6 / 60 = 0.01 आणि bxy = 60. गुणाकार अजूनही 0.6, म्हणून r जिथल्या तिथे. उत्तर (क). 0.01 एवढा बारीक उतार पाहून संबंध क्षीण झाला असं वाटतं आणि (ब) वर खूण होते, पण 0.01 गुण हे एका मिनिटाचे आहेत.