थंडीत बोटं लाल होऊन खाजताहेत? आधी ती हीटरपासून लांब घ्या

माझी धाकटी बहीण नाशिकची. थंडी काही तिला नवीन नाही. तरीही दिल्लीतल्या पहिल्याच जानेवारीत तिच्या पायाच्या करंगळीवर आणि शेजारच्या बोटावर वाटाण्याएवढ्या जांभळट-लाल गाठी आल्या. दिवसा त्या हुळहुळायच्या आणि रात्री रजईत शिरलं की इतक्या खाजायच्या की झोप उडायची. याला चिलब्लेन्स म्हणतात. आपल्याकडे हे फारसं दिसत नाही, कारण नाशिकला पहाटे कितीही गारठा असला तरी दुपारी कोरडं ऊन पडतं. चिलब्लेन्सला लागते ती गोठणबिंदूच्या वरची, दमट आणि दिवसभर न हटणारी थंडी. दिल्लीत धुकं पडलं की ऊन दिसत नाही, घराला हीटिंग नसतं आणि फरशी दिवसभर बर्फासारखी राहते.

पहिली चूक झाली ओळखण्यात. औषधाच्या दुकानदाराने ‘चिखल्या’ म्हणून ट्यूब दिली आणि तिने ती आठवडाभर चोळली. चिखल्या बोटांच्या बेचक्यात होतात. तिथली कातडी पांढरी, ओलसर होऊन सोलते, वासही येतो. चिलब्लेन्स मात्र बोटांच्या वरच्या बाजूला, कडेला किंवा टोकाला येतात. कातडी सोलत नाही, ती ताणल्यासारखी चकचकीत दिसते आणि बोट ऊबेत गेलं की खाज वाढते. फसगत होते ती वेळेमुळे. गाठी थंडी लागताक्षणी येत नाहीत, काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी उठतात. म्हणून दोष जातो डासाला, नाही तर नव्या मोज्यांना. शिवाय दुकानातून परस्पर मिळणाऱ्या अशा अनेक ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर स्टिरॉइडही असतं. ते आठवडेच्या आठवडे लावलं तर कातडी पातळ होते.

खरं नुकसान केलं दुसऱ्या चुकीने. टाकीच्या गार पाण्यात भांडी घासून, अनवाणी फिरून झालं की ती पाय थेट हीटरसमोर धरायची आणि रात्री पायाशी गरम पाण्याची पिशवी घ्यायची. थंडीत कातडीजवळच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. चिलब्लेन्स होणाऱ्यांमध्ये त्या जरा जास्तच आकसतात आणि लवकर सैल होत नाहीत. अशात बोट एकदम तापवलं की रक्ताचा लोंढा येतो, वाहिन्यांना तो झेपत नाही, आणि आजूबाजूला पाझरून सूज नि खाज वाढते. त्यात गारठून बधिर झालेल्या बोटाला चटका कळत नाही. बहिणीच्या करंगळीला फोड आला तो त्या पिशवीनेच.

मग करायचं काय? ओले मोजे काढा, पाय टिपून कोरडे करा आणि कोरडे मोजे घालून नुसते पांघरुणात घ्या. बोटांना हळूहळू ऊब येऊ द्या. धुवायचेच असतील तर पाणी कोमट घ्या, कोपर बुडवून चटका लागणार नाही इतपतच. चोळू नका, खाजवू नका, कारण कातडी फुटली की जंतुसंसर्गाला वाट मिळते. साधं मॉइश्चरायझर पुरे. एवढं पाळलं तर बहुतेक गाठी दोन-तीन आठवड्यांत बसतात.

तिसरी चूक म्हणजे मोज्यांवर मोजे. दोन जोड त्याच बुटात कोंबले की बोटं आवळली जातात आणि रक्त आणखी कमी पोचतं. लोकरीचा एकच जोड आणि आत बोटं हलतील असा बूट यापेक्षा केव्हाही बरा. पण मोज्यांपेक्षा स्वेटर महत्त्वाचा, हे ऐकून बहिणीला गंमत वाटली होती. पोट-छाती गार पडली की शरीर आतली ऊब राखायला हातापायांचं रक्त कमी करतं. म्हणून थर्मल, कानटोपी, गुडघ्यापर्यंत ऊब. घरात चपला. भांड्यांना रबरी हातमोजे. आणि हे सगळं बाहेर पडण्याआधी, कारण एकदा गारठलेलं बोट बाहेरच्या थंडीत नुसत्या मोज्याने लवकर तापत नाही. सिगारेट ओढणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की निकोटीनने याच वाहिन्या आकसतात.

दरवर्षी त्रास होत असेल तर डॉक्टर कधी कधी निफेडिपिन देतात. ते रक्तदाबाचं औषध आहे, त्यामुळे शेजारणीची गोळी घेऊ नये. मधुमेह असेल, जखम किंवा पू झाला असेल, तर वाट न पाहता दाखवा. तीन आठवड्यांनीही गाठी तशाच असतील, थंडी सरूनही येत असतील किंवा सोबत सांधे दुखत असतील, तोंड येत असेल, गालांवर पुरळ असेल, तर प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते अशा ल्युपससारख्या आजारासाठी डॉक्टर रक्त तपासतात. आणि बोट पांढरंफटक, कडक, बधिर पडलं तर तो हिमदंश असू शकतो. तेव्हा मात्र थेट दवाखाना गाठायचा.