लीडच्या जागेसाठी रिझ्युमे वाचताय? या चुका टाळा

सीनियर इंजिनिअरच्या रिझ्युमेत आधी मोठा आकडा डोळ्यांत भरतो आणि पहिली चूक तिथेच होते. 'रोज १ कोटी रिक्वेस्ट हाताळणारी सिस्टीम डिझाइन केली' हे वाक्य घ्या. दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणजे सरासरी सेकंदाला साधारण ११६ रिक्वेस्ट. गर्दीच्या वेळी पाचपट धरल्या तरी सहाशेच्या आत. त्या साध्या वाचनाच्या असतील, तर दोन-तीन सर्व्हर आणि नीट इंडेक्स केलेला एक डेटाबेस बहुतेक वेळा पुरतो. पण त्या सगळ्या एकाच खात्याची शिल्लक बदलत असतील, तर शंभरही जड जातात, कारण प्रत्येक व्यवहार त्याच रो-च्या लॉकसाठी खोळंबतो. आकड्याशेजारी वाचन किती, लेखन किती आणि कोंडी कुठे झाली हे नसेल, तर त्या आकड्याला गुण देऊ नका.

दुसरी चूक म्हणजे साधनांच्या यादीला डिझाइनची खोली समजणं. समजा, जागा पेमेंट टीमच्या लीडची आहे. एका रिझ्युमेत काफ्का, रेडिस, कुबरनेटिस, मायक्रोसर्व्हिस असं सगळं आहे. दुसऱ्यात एवढंच आहे: 'बँकेचा कॉलबॅक कधीकधी दोनदा येऊन पैसे दोनदा जमा होत. व्यवहार क्रमांकावर युनिक कन्स्ट्रेंट लावला. नवी क्यू आणण्याऐवजी त्याच डेटाबेसमध्ये आउटबॉक्स टेबल ठेवलं, कारण क्यू सांभाळायला माणसं नव्हती.' मी दुसऱ्याला आधी बोलावेन. त्यात बिघाड आहे, उपाय आहे, नाकारलेला पर्याय आहे आणि तो का नाकारला तेही आहे. पहिला उमेदवार कच्चा असेलच असं नाही. त्याच्या कागदावरून काही कळत नाही, इतकंच.

ओनरशिप जोखताना लोक 'लीड केलं' हे क्रियापद शोधतात. ते कुणीही लिहितं. त्यापेक्षा रिलीजनंतरचं काम शोधा: जुना डेटा कुणी हलवला, जुनी आणि नवी नोंद काही दिवस समांतर चालवून ताळमेळ कुणी लावला, ऑन-कॉल कुणाकडे होता. 'आम्ही' लिहिणाऱ्याचे गुण मात्र कापू नका. चांगले लीड अनेकदा तसंच लिहितात.

सगळ्यात महाग चूक जाहिरात न वाचण्याची. 'तीन टीममधल्या एपीआयची रचना ठरवणे' असं जाहिरातीत असेल, तर दुसऱ्या टीमला पटवून बदल करायला लावल्याचा एक तरी पुरावा हवा. एकट्याने लिहिलेली अवघड सेवा त्याची जागा घेत नाही.

गोपनीयतेमुळे काहींना आकडे देता येत नाहीत. तिथे रिझ्युमे बाजूला सारण्याआधी फोनवर एकच प्रश्न विचारा: 'ट्रॅफिक दहापट झाला असता तर आधी काय कोसळलं असतं?' ज्याने ती सिस्टीम खरंच सांभाळली, तो टेबलचं किंवा सेवेचं नाव घेऊन सांगतो. जो फक्त शेजारी बसला होता, तो 'सर्व्हर वाढवले असते' म्हणतो.