शके, संवत आणि इसवी सन एकाच संदर्भयादीत कसे नोंदवावेत

यादीतल्या एका पुस्तकावर शके, दुसऱ्यावर संवत आणि तिसऱ्यावर इसवी सन असेल, तर सरसकट सगळ्यांचे इसवी सन करून मूळ आकडा टाकून देऊ नका. रूपांतर हा तुमचा निष्कर्ष असतो, पुरावा नव्हे. म्हणून तीन रकाने करा: मूळ नोंद (छापली तशी), इसवी सन आणि क्रमासाठीचे वर्ष.

पहिल्या रकान्यात मास आणि तिथीही उतरवा, कारण सगळा घोळ तिथेच होतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे शाळेत शिकवतात, पण ते चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच खरे. पुढे १ जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९ मिळवावे लागतात. शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी आहे. ७८ मिळवले तर १६२९ येते, पण फाल्गुन असल्याने बरोबर वर्ष १६३०. मार्गशीर्ष किंवा पौष असेल तर १ जानेवारी कुठे पडते ते जंत्रीत पाहावेच लागते.

संवताचे जरा वेगळे आहे. उत्तरेत तो चैत्रापासून, गुजरातेत साधारणपणे कार्तिकापासून बदलतो. संवत १९५० घ्या. कार्तिक ते फाल्गुन या महिन्यांत दोन्ही पद्धतींचे उत्तर एकच येते: डिसेंबरपर्यंत ५७ वजा करून १८९३, जानेवारीपासून ५६ वजा करून १८९४. मात्र चैत्र ते आश्विन या महिन्यांत चैत्री संवताने १८९३ येते आणि कार्तिकीने १८९४. तेव्हा पुस्तक कुठे छापले ते पाहा. तरीही ठरत नसेल तर दोन्ही वर्षे लिहा.

नुसते ‘शके १८१०’ असेल, महिना नसेल, तर चौकटी कंसात [१८८८–८९] लिहा. एकच वर्ष ठोकून देण्यापेक्षा हे बरे. क्रमाच्या रकान्यात त्यातले आधीचे वर्ष घाला, आणि हा नियम सगळ्या नोंदींना सारखाच लावा. संगणकावर यादी करत असाल तर हा रकाना एकाच लिपीतल्या आकड्यांत ठेवा. मराठी आणि इंग्रजी आकडे मिसळले की क्रम बिघडतो.

शकाशेजारी संवत्सराचे नाव असेल तर पडताळा फुकट मिळतो. शकात १२ मिळवा, ६० ने भागा आणि बाकी पाहा. १५५१ अधिक १२ म्हणजे १५६३, बाकी ३. प्रभव, विभव, शुक्ल असे मोजले की तिसरे शुक्ल, आणि शके १५५१ चे संवत्सर तेच. बाकी शून्य आली तर साठावे, क्षय. नाव आणि आकडा जुळत नसेल तर आकडा चुकीचा वाचला किंवा छापला गेला असण्याची शक्यता धरा. नर्मदेच्या उत्तरेकडच्या ग्रंथांना मात्र हा हिशोब लावू नका, तिथली संवत्सरगणना निराळी आहे.

१९५७ नंतरच्या सरकारी प्रकाशनांत राष्ट्रीय शक असतो. त्याचा चैत्र २२ मार्चला, लीप वर्षी २१ मार्चला सुरू होतो आणि त्यात तिथी नसते. अशा नोंदीपुढे ‘राष्ट्रीय’ एवढे लिहून ठेवा.