क्रिप्टोग्राफीचं प्रकरण एका पानावर: सिमेट्रिक की, पब्लिक की आणि पेपरात येणारे प्रश्न

क्रिप्टोग्राफीचं प्रकरण पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तकातला फरकांचा तक्ता मी जसाच्या तसा वहीत उतरवला. बारा ओळी होत्या, डावीकडे सिमेट्रिक, उजवीकडे पब्लिक की. दोन दिवसांत तो तोंडपाठ झाला. पेपरात प्रश्न आला तो असा: "दहा जणांच्या गटात प्रत्येकाला इतर प्रत्येकाशी गुप्तपणे बोलायचं आहे. दोन्ही पद्धतींत किती किल्ल्या लागतील? अकरावा माणूस आला तर किती वाढतील?" माझ्या तक्त्यात याविषयी "किल्ल्यांची संख्या: जास्त / कमी" एवढंच होतं. पाच मार्कांच्या प्रश्नात ती ओळ लिहून एक मार्क मिळाला.

पुढच्या परीक्षेआधी मी तो तक्ता मोडला आणि नव्याने बांधला. एकच अट ठेवली: जी ओळ "का?" या प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाही ती पानावर राहणार नाही. बारापैकी चार उरल्या, आणि त्या चारही पहिल्या ओळीतूनच निघतात असं लक्षात आलं.

ती पहिली ओळ म्हणजे किल्ली कोणाकडे असते. सिमेट्रिकमध्ये दोघांकडे एकच गुप्त किल्ली असते. तिनेच कुलूप लावायचं आणि तिनेच उघडायचं. पब्लिक कीमध्ये प्रत्येकाकडे स्वतःची जोडी असते, त्यातली एक सगळ्यांना वाटलेली आणि दुसरी फक्त स्वतःजवळ. आता वरचा प्रश्न घ्या. सिमेट्रिकमध्ये प्रत्येक जोडगोळीला वेगळी किल्ली हवी. दहा जणांपैकी प्रत्येकाला नऊ जणांशी बोलायचंय, म्हणजे ९०. पण माझी-तुझी आणि तुझी-माझी किल्ली एकच, म्हणून निम्मे, ४५. सूत्र n(n−1)/2 हेच आहे, फक्त ते असं निघतं हे कळलं की निम्मं करायचं विसरत नाही. पब्लिक कीमध्ये दहा जोड्या, म्हणजे २० किल्ल्या. इथे पुष्कळजण १० लिहून मोकळे होतात, कारण ते फक्त पब्लिक की मोजतात. अकरावा माणूस आला की सिमेट्रिकमध्ये दहा नव्या गुप्त किल्ल्या तयार करून दहा जणांपर्यंत सुरक्षितपणे पोचवाव्या लागतात. पब्लिक कीमध्ये त्याची स्वतःची जोडी वाढते, बस. शंभर जणांचा गट असेल तर हाच हिशोब ४९५० विरुद्ध २०० असा होतो. उत्तरात ही दुसरी संख्या लिहिली की परीक्षकाला वाढीचा वेग दिसतो, आणि प्रश्न खरं तर तोच विचारतो.

दुसरी ओळ किल्ली पोचवण्याची. इथे बऱ्याच नोट्समध्ये एक वाक्य असतं: "पब्लिक कीमध्ये किल्ली वाटपाचा प्रश्न उरत नाही." हे अर्धंच खरं आहे आणि पेपर काढणाऱ्यांना ते माहीत असतं. १९७६ साली व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी दाखवलं ते हे की उघड्या वाटेवरूनही दोन अनोळखी माणसं एक गुप्त किल्ली ठरवू शकतात. म्हणजे लपवण्याची गरज गेली. पण "ही पब्लिक की नक्की त्याचीच कशावरून?" हा प्रश्न तसाच राहतो. वाटेत बसलेल्या माणसाने स्वतःची पब्लिक की पुढे केली आणि ती समोरच्याची आहे असं मी धरून चालले, तर माझा निरोप तो आरामात वाचेल, मग खऱ्या किल्लीने पुन्हा बंद करून पुढे पाठवेल. दोघांनाही पत्ता लागणार नाही. म्हणून सर्टिफिकेट लागतं: ही किल्ली अमुक व्यक्तीची आहे यावर विश्वासू तिसऱ्याची डिजिटल सही. "पब्लिक की असूनही सर्टिफिकेट का लागतं?" हा तीन मार्कांचा प्रश्न वारंवार येतो, आणि त्याचं उत्तर वाटेतल्या माणसाची ही गोष्ट चार वाक्यांत सांगणं हेच आहे. सर्टिफिकेटची व्याख्या लिहून तो सुटत नाही.

तिसरी ओळ वेग आणि किल्लीची लांबी. या दोन्ही मी मुद्दाम एकत्र ठेवल्या, कारण त्यांचं कारण एकच आहे. एईएस या सिमेट्रिक पद्धतीत १२८ बिटांच्या ठोकळ्यावर तक्त्यातून अदलाबदल, सरकवणं, एक्सऑर असली हलकी कामं दहा ते चौदा फेऱ्यांत होतात. आरएसए या पब्लिक की पद्धतीत हजारो बिट लांबीच्या संख्येचा घात काढावा लागतो, आणि ते काम कितीतरी जड आहे. मग संख्या एवढी मोठी घ्यायचीच कशाला? कारण एईएस फोडायला सगळ्या किल्ल्या एकेक करून पाहण्यापेक्षा फारसा चांगला मार्ग माहीत नाही, पण आरएसए फोडायला संख्येचे अवयव पाडले की पुरतं, आणि त्यासाठी सगळं तपासण्यापेक्षा खूप जलद पद्धती आहेत. त्या जलद पद्धती निरुपयोगी ठरतील एवढी मोठी संख्या घ्यावी लागते. एईएसच्या १२८ बिटांच्या तोडीची सुरक्षा हवी तर आरएसएला साधारण ३०७२ बिट लागतात. "आरएसएची किल्ली २०४८ बिटांची आणि एईएसची १२८ बिटांची, म्हणजे आरएसए सोळा पट सुरक्षित, बरोबर की चूक?" या प्रश्नाचा सापळा इथेच आहे. चूक, आणि कारण वरचं.

याच ओळीतून "प्रत्यक्षात दोन्ही का वापरतात?" हे उत्तर निघतं. २०४८ बिटांच्या आरएसएने, ओएईपी पॅडिंग आणि एसएचए-२५६ घेतलं तर, एका वेळी १९० बाइट्सच बंद करता येतात. एवढ्यात फाइल मावत नाही, पण ३२ बाइटची एईएस किल्ली सहज मावते. म्हणून निरोप एईएसने बंद करायचा आणि ती छोटी किल्ली समोरच्याच्या पब्लिक कीने बंद करून सोबत पाठवायची. ही आकृती हाताने दोनदा काढून ठेवा, पेपरात ती शब्दांपेक्षा लवकर होते.

चौथी ओळ सहीची. सिमेट्रिकमध्ये किल्ली दोघांकडे असते, त्यामुळे निरोप वाटेत बदलला नाही हे त्या दोघांना एकमेकांपुरतं पटतं, पण तिसऱ्यापुढे सिद्ध करता येत नाही. मी म्हणू शकते की हे तूच लिहिलंस, तुझ्याकडेही तीच किल्ली आहे. प्रायव्हेट की एकाचकडे असते, म्हणून तिने केलेली सही नाकारता येत नाही. प्रश्न सहसा असा येतो: निरोप गुप्तही हवा आणि सहीचाही हवा, कुठली किल्ली कुठे? पाठवणारा आपल्या प्रायव्हेट कीने सही करतो आणि घेणाऱ्याच्या पब्लिक कीने बंद करतो. घेणारा आपल्या प्रायव्हेट कीने उघडतो आणि पाठवणाऱ्याच्या पब्लिक कीने सही तपासतो. गोंधळ झाला तर स्वतःला एकच विचारायचं: हे काम फक्त कोणाला जमायला हवं? त्याची प्रायव्हेट की.

पान शेवटी असं झालं:

| | सिमेट्रिक | पब्लिक की |
|---|---|---|
| किल्ली कोणाकडे | दोघांकडे एकच, n(n−1)/2 | प्रत्येकाची जोडी, 2n |
| पोचवताना काय जपायचं | गुप्तता | ती कोणाची याची खात्री |
| वेग, लांबी | जलद. १२८ बिट | संथ. ३०७२ बिट |
| सही | तिसऱ्याला पटत नाही | पटते |

आता आरएसएचं गणित. हे हमखास येतं आणि यात माझी एक चूक अशी झाली की ती तपासूनही सापडली नाही. प्रश्न होता p = ५, q = ११, e = ३, निरोप ९. आधी n = ५५ आणि φ(n) = ४ × १० = ४०. d असा हवा की e × d ला ४० ने भागल्यावर बाकी १ उरेल. छोट्या संख्यांना सोपी वाट अशी: ४० च्या पटीत १ मिळवत जा आणि ३ ने भाग जातो का पाहा. ४१ ला जात नाही, ८१ ला जातो, d = २७. बंद केलेला निरोप ९³ = ७२९, ५५ ने भागून बाकी १४. उघडताना १४ चा २७ वा घात हवा. तो वर्ग करत करत काढायचा.

```
14^2  = 196 -> 31
14^4  = 961 -> 26
14^8  = 676 -> 16
14^16 = 256 -> 36
27 = 16 + 8 + 2 + 1
36*16 = 576 -> 26
26*31 = 806 -> 36
36*14 = 504 -> 9
```

घाईत मी φ(n) ऐवजी n घेतलं होतं. ५५ च्या पटीत १ मिळवताना १११ ला ३ ने भाग गेला आणि d = ३७ आलं. मग पडताळा घेतला, १४ चा ३७ वा घात काढला, आणि बाकी ९ च आली. मी निश्चिंत झाले. तपासलेल्या पेपरात त्या पायरीवर लाल रेघ होती आणि मला वाटलं परीक्षकांचीच चूक झाली.

घरी तेच d घेऊन निरोप २ वर करून पाहिलं. बंद केल्यावर ८ येतो. ८ चा २७ वा घात बाकी २ देतो, बरोबर. ८ चा ३७ वा घात बाकी १३ देतो. म्हणजे d चुकलंच होतं, ९ ने ते लपवलं. कारण ५५ च्या हिशोबात ९ चा दहावा घात १ होतो, म्हणून ९ चे घात दर दहाने पुन्हा तेच येतात. ३ × ३७ = १११ ला १० ने भागलं तर बाकी १, त्यामुळे ९ परत मिळाला. २ चे घात दर वीसने फिरतात, आणि १११ ला २० ने भागल्यावर बाकी ११ उरते.

तेव्हापासून निरोप उलगडून पडताळा घेण्याआधी मी कच्च्या कामात एक ओळ लिहिते: e × d भागिले φ(n), बाकी किती. ३ × ३७ = १११, ४० ने भागून बाकी ३१. ही ओळ लिहायला दहा सेकंद लागतात, आणि चूक तिथेच उघडी पडते.